दुसऱ्या गटाचे पाच आठवडे

तक्तेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते मी ठेवलेलं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत कुणाचं बारसं करायचं असलं की ते काम आपोआप माझ्याकडे यायचं. मी पडले भाषेची बाई, त्यात तोंडाची फटकळ. खेळाच्या सरांना शिट्टी, मुख्याध्यापकांना परिपत्रक आणि या नव्या बाईंना तक्ता. त्या पहिल्या दिवशी आल्या तेव्हा काखेत एवढी मोठी गुंडाळी होती. मला वाटलं, चटई आणली की काय बसायला! उलगडली तर तक्ता. आडवे आठवडे, उभी मुलांची नावं आणि सगळ्या चौकटी कोऱ्या.

एका सत्राच्या करारावर आल्या होत्या, फक्त गणितात मागे पडलेल्या पाचवीच्या मुलांसाठी. वय बेचाळीस-त्रेचाळीस. त्याआधी अकरा वर्षं एका दवाखान्यात तान्ह्या बाळांची वजनं करायच्या. दर महिन्याला बाळ काट्यावर ठेवायचं, कार्डावर ठिपका द्यायचा, ठिपके जोडायचे. नवरा गेल्यावर दोन खोल्यांच्या घरात नणंद-भावजय दोघीच उरल्या. तेव्हा नणंदेने शिलाई मशीन ओढत यांना बाहेरून शिक्षणशास्त्राची परीक्षा द्यायला लावली. आता नणंदेचे डोळे थकले होते आणि घर तक्तेबाईंच्या पगारावर चाललं होतं. हे सगळं मला मागाहून कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की आपल्या टेबलावर ही बाई निम्मी जागा अडवून बसलीय.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी पाचवीच्या बेचाळीस मुलांची पायाभूत चाचणी घेतली. वीस प्रश्न. पेपर तपासून झाले, मला वाटलं संपलं. कसलं संपतंय! चार दिवस व्हरांड्यातल्या बाकावर एकेका मुलाला घेऊन बसल्या आणि प्रत्येकाला एकच विचारायच्या, "हे कसं केलंस, सांग बघू."

"अहो बाई, पेपर तपासलात ना? मग ही मुलाखत कसली? नोकरी देताय का त्यांना?" मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. दोन पेपर माझ्यासमोर ठेवले. दोन्ही मुलींना वीसपैकी नऊ. एकीने चारशे सात हे ४००७ असे लिहिले होते. दुसरीचे आकडे सगळे सरळ, पण बावन्नातून सदतीस गेले तर उरले पंचवीस.

"दोघींना नऊच आहेत. काय शिकवाल?"

"दोघींनाही कान धरून पाढे," मी म्हटलं.

"दोघींचेही पाढे पाठ आहेत. पहिलीला चारशे आणि सात लिहिताना प्रत्येक अंकाची जागा कळत नाही. दुसरीला जागा कळते, पण दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन वजा करते. मोठ्यातून लहान काढायचं, एवढंच तिला ठाऊक. दोघींना एकत्र बसवलं तर एकीचा तरी वेळ फुकट जाईल."

मला पटलं होतं. कबूल करीन तर मी कसली!

त्यांनी अठरा मुलं निवडली आणि त्यांचे तीन गट केले, मार्कांवरून नाही, अडलंय कुठे त्यावरून. पहिल्या गटात सहा, ज्यांना एकक-दशक-शतकच कळत नव्हतं. दुसऱ्या गटात सात, जी हातच्याच्या वजाबाकीत अडकत होती. तिसऱ्यात पाच, ज्यांना पाढे घडाघडा येत होते पण गुणायचं कधी आणि भागायचं कधी ते उमगत नव्हतं. रोज अर्धा तास, आठ आठवडे. सोमवार ते गुरुवार शिकवायचं, शुक्रवारी दहा गणितांची छोटी तपासणी. ओळीने दोन शुक्रवार दहापैकी आठ मिळाले आणि त्यावर तोंडी नीट सांगता आलं, की मूल गटातून मोकळं. नाही जमलं तर कुठे अडलं ते पाहून शिकवणं बदलायचं. "वजन वाढलं नाही म्हणून बाळाला कुणी रागवत नाही. आपण दूध बघतो," त्या म्हणायच्या.

एकटी बाई एका वेळी तीन गटांना कशी पुरणार? तिसरा गट गेला शिट्टीसरांकडे आणि दुसरा माझ्या गळ्यात पडला. कारण हा अर्धा तास माझ्याच भाषेच्या तासातून कापला होता, म्हणजे मी 'मोकळी'. मी मुख्याध्यापकांना चार शब्द ऐकवले. त्यांनी खिडकीबाहेर बघत ऐकून घेतले आणि मग परिपत्रक दाखवलं. त्यात तक्तेबाईंच्या पदाची अटही होती. आठ आठवड्यांनंतर अठरापैकी बारा मुलं मोकळी झाली, तर पद पुढे तीन वर्षं. नाही झाली, तर सत्र संपताच नमस्कार.

दुसरा गट म्हणजे सात मुलं आणि एक टिटवी. टिटवी त्या सातांतच, पण एकटीच सातांएवढा आवाज करायची. दहा वर्षांची, आई लाँड्रीत इस्त्री करायची, ही शाळा सुटली की तिथेच कपड्यांच्या गठ्ठ्यांवर बसून आल्यागेल्याशी गप्पा मारायची. वर्गात शिरायची तीच अर्ध्या वाक्यात. बावन्नातून सदतीस गेले तर पंचवीस म्हणणारी ती हीच.

तक्तेबाईंनी मला काड्या दिल्या. आइस्क्रीमच्या असतात तशा, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधलेल्या, दहा जुड्यांचा एक मोठा गठ्ठा. दोनातून सात जात नाहीत ना, मग एक जुडी सोडा, झाले बारा सुटे. मुलाने स्वतः रबर काढायचं, तुम्ही नाही. आणि शुक्रवारच्या तपासणीसाठी चार रंगांचे कागद दिले, गुलाबी, पिवळा, निळा, पांढरा. गणितं एकाच अवघडपणाची, आकडे वेगळे. "दर शुक्रवारी रंग बदलत जा," त्या म्हणाल्या.

हे त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे माझीच बाजू घ्याल.

आता माझी सव्वीस वर्षं गेली शुद्धलेखनात. आमच्याकडे रीत कशी? उतारा घालायचा, चुका काढायच्या, फळ्यावर दुरुस्त करायच्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच उतारा. चुका आल्या पंधराच्या पाचावर, म्हणजे मूल शिकलं. त्याच उताऱ्यात चुका कमी होणं हीच आमची प्रगती. रंग बदलायचे ते मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून असणार, असा मी माझ्या अगाध बुद्धीने अर्थ लावला. त्यात छपाईवाल्याने गुलाबी कागद जास्त काढून ठेवले होते. वाया कशाला घालवा? मी दर शुक्रवारी गुलाबीच वाटला आणि दर सोमवारी तीच दहा गणितं फळ्यावर सोडवून दाखवली. काड्याही वापरल्या म्हणा, पण रबर सोडायला पोरं फार वेळ लावायची. मीच सोडून द्यायची.

आणि काय सांगू, पोरं सुटलीच! पहिल्या शुक्रवारी गटाची सरासरी दोन, मग चार, मग सहा, आठ, नऊ. तक्त्यावर माझ्या गटाची रेघ जिन्यासारखी वर चढत होती. तक्तेबाईंच्या स्वतःच्या गटाची रेघ बघावी तर तीन, चार, चार, सहा, परत पाच. शिट्टीसरांची मध्येच कुठेतरी. मी चहाच्या वेळी तक्त्यासमोरच उभी राहायची. "शिकवता यावं लागतं हो," असं भिंतीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणायची. मुख्याध्यापकांनी तर बोटांवर मोजून पाहिलं. पहिल्या गटातली चार सुटण्याच्या बेतात, तिसऱ्यातली तीन, माझी सहा. तेरा! बारा हवे होते. "बाई, तुमचं पद पक्कं," ते तक्तेबाईंना म्हणाले, आणि त्या माझ्याकडे पाहून हसल्या. "तुमच्यामुळे," म्हणाल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. घरी जाऊन नणंदेलाही सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीत माझ्यासाठी बेतून शिवलेल्या उशीच्या दोन खोळी होत्या.

सहाव्या आठवड्यात बुधवारी त्यांनी मोकळं करण्याआधीची तोंडी घ्यायला टिटवीला बोलावलं. मी शेजारीच बसले, कौतुक बघायला.

"त्रेसष्ट वजा अठ्ठावीस?"

"पस्तीस!" प्रश्न संपायच्या आत.

"छान. चौसष्ट वजा अठ्ठावीस?"

टिटवीने बोटाने बाकावर आकडे लिहिले. "चव्वेचाळीस."

"कसं केलंस?"

"आठातून चार गेले चार. सहातून दोन गेले चार."

"आणि त्रेसष्टचं कसं केलं होतंस?"

"ते करायचं नसतं बाई, ते पस्तीस असतं," टिटवी म्हणाली. "पहिलं पस्तीस, दुसरं सत्तेचाळीस, तिसरं एकशे एकोणीस..." आणि तिने दहाच्या दहा उत्तरं धडाधड म्हणून दाखवली. कवितेसारखी, चालीत.

तक्तेबाईंनी तिला खेळायला पाठवलं. मग कपाट उघडलं. पिवळे, निळे आणि पांढरे कागद होते तसे, दोरा न सोडलेले.

मी काय करावं? माफी मागावी की नाही? नाही. मी भांडले! "माझ्या गटाची पोरं पुढे गेली तर तुमच्या पोटात दुखायला लागलं. चौसष्टचं विचारलंत, मुद्दाम अडवायला. बिचारी घाबरली." आणखीही बरंच बोलले. आपली चूक जितकी मोठी तितका माझा आवाज मोठा, हा माझा जन्माचा रोग आहे. त्या ऐकत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारी पांढरा कागद वाटू. मग बघू."

शुक्रवारी पांढरा कागद वाटला. सातांपैकी दोघांनी खरोखर आठ गणितं सोडवली. बाकीच्यांना दोन, तीन, चार. टिटवीला तीन. बिचारी, तिने पहिल्या ओळीत गुलाबी कागदाचीच उत्तरं लिहिली होती आणि आकडे वेगळे पाहून खोडून टाकली होती. तो कागद हातात घेतला आणि माझा आवाज आपोआप बंद झाला. पाच आठवडे मी त्या मुलीला रोज शाबासकी दिली होती, कसली तर दहा आकडे पाठ केल्याची. आणि ती खूश होती हो. तिला वाटत होतं, आपल्याला येतं.

तक्तेबाईंनी लाल पेन घेतलं, पट्टी घेतली आणि दुसऱ्या गटाच्या पाच आठवड्यांवर आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'एकच कागद पुन्हा वापरला गेला. ग्राह्य नाही.' तेराचे झाले नऊ.

मुख्याध्यापकांना समजलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "रेघ कशाला मारलीत? आकडे काय खोटे आहेत? मुलांनी लिहिलंय ना ते?"

"लिहिलंय, पण ते वजाबाकीचे मार्क नाहीत सर, पाठांतराचे आहेत. या पोरांना आता मोकळं केलं तर पुढच्या महिन्यात अपूर्णांक सुरू होतील आणि ती शेवटच्या बाकावर गप्प बसतील. मग त्यांना शोधायला कुणी येणार नाही."

"पण कागद बदलले का नाहीत?"

मी तिथेच होते, दाराला टेकून. तक्तेबाई म्हणाल्या, "माझी चूक. का बदलायचे ते मी नीट समजावून सांगितलं नाही."

आणि मी गप्प बसले. मी! जिचं तोंड झोपेतही चालतं ती मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले. माझी नोकरी कायमची, मला कुणी हात लावणार नव्हतं, तरी गप्प. का, ते मला आजही सांगता येत नाही. सव्वीस वर्षांचा रुबाब म्हणा.

रविवारी मला घरात बसवेना. दुपारी त्यांच्याकडे गेले. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. जिन्याच्या कठड्याला उशांच्या खोळी वाळत घातलेल्या. दार उघडंच होतं, आत नणंद मशीनवर बसलेली. तक्तेबाई बाजारात गेल्या होत्या.

"या. तुम्हीच ना त्या गुलाबी कागदवाल्या?" नणंदबाई म्हणाल्या. मशीनवरून उठल्याही नाहीत, सुईत दोरा ओवत होत्या आणि तो जात नव्हता. मी घेऊन ओवून दिला.

"वहिनी फार रागावल्यात का हो?"

"रागावली असती तर बरं होतं. तुम्ही दोन शब्द ऐकून घेतले असते, मोकळ्या झाला असता. ती रागावत नाही, हाच तिचा दुर्गुण. रात्री जेवताना म्हणाली, दोन आठवडे उरलेत, टिटवीचं रबर तिनेच सोडायला हवं. मी म्हटलं, बाई, आपल्या दोघींचं काय ते बघ आधी. तर म्हणे, ते टिटवीच्या हातात नाही ना."

मला रडू आलं. परक्या घरात, शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसून मी पदराने नाक पुसत रडले आणि नणंदबाई खुशाल शिवण घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "झालं असेल तर चहा ठेवते."

सोमवारपासून मी हात मागे बांधून शिकवलं. अक्षरशः बांधून, कारण माझे हात आपोआप रबराकडे जायचे. पोरं एक जुडी सोडायला दोन मिनिटं लावायची, काड्या खाली सांडायच्या, पुन्हा मोजायच्या. मला वाटायचं, किंचाळावं. पण गुरुवारी टिटवी आपणहून म्हणाली, "बाई, दोनाचे बारा झाले, मग दशकातला एक कमी झाला ना? तो मी विसरतच होते रोज." रोज! पाच आठवडे रोज, आणि मला पत्ता नाही.

सातव्या शुक्रवारी पिवळा कागद. टिटवीला सात. आठव्या शुक्रवारी निळा, टिटवीला नऊ. माझ्या गटातली तीन मोकळी झाली, पहिल्यातली चार, तिसऱ्यातली चार. अकरा. एक कमी.

मुख्याध्यापक कागद चाळत बसले आणि टिटवीचा पिवळा कागद त्यांनी वेगळा काढून माझ्यापुढे सरकवला. पाचशे तीन वजा एकशे अडुसष्ट. उत्तर हवं तीनशे पस्तीस. टिटवीचा मधला अंक खोडून पुन्हा लिहिलेला, तीन की चार ते कळू नये असा. "तुम्हीच तपासलाय ना? नीट बघा. तीन असला तर आठ होतात. आठ आणि नऊ, ओळीने दोन. बारा." ते हळू आवाजात म्हणाले, "त्यांचं घर आहे हो त्याच्यावर." माणूस वाईट नव्हता.

देवाशपथ सांगते, मला तो तीनच दिसायला लागला. कागद घेऊन मी लाँड्रीत गेले. टिटवी गठ्ठ्यांवर बसलेली, आई इस्त्री फिरवत होती. मी मनात म्हणत होते, तीन म्हण गं बाई, तीन म्हण. "टिटवे, हे कसं केलं होतंस?"

तिने कागद पाहिला. "तिनातून आठ जात नाहीत, दशकात शून्य, म्हणून शंभराचा गठ्ठा सोडला. दहा जुड्या झाल्या. एकशे अडुसष्टमधले सहा दहातून गेले, चार." मग थांबली. "अय्या! त्या दहातली एक तर सुट्यांसाठी सोडली होती. नऊच राहतात! चुकलंच की माझं!" आणि आईकडे वळून मोठ्यांदा हसली. आईला काही कळलं नाही, पण पोरगी गणितावरून हसतेय म्हणून तीही हसली.

मी परत येऊन सात कायम ठेवले.

वरच्या कार्यालयातून तपासणीला एक अधिकारी बाई आल्या. तक्ता टेबलावर पसरला. लाल रेघेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय?" तक्तेबाईंनी तोंड उघडलं, आणि मला ठाऊक होतं त्या काय म्हणणार.

"थांबा. यांची नाही, माझी चूक आहे," मी म्हटलं. "यांनी चार रंग दिले होते, बदला म्हणून सांगितलं होतं. मी पाच आठवडे एकच वाटला, वर उत्तरं फळ्यावर लिहून दिली. यांनी पकडलं तेव्हा यांच्याशीच भांडले, आणि सरांपुढे यांनी ते आपल्या अंगावर घेतलं तेव्हा मूग गिळून उभी राहिले. दुसऱ्या गटाला शिकायला खरे दोनच आठवडे मिळालेत. आठ मिळाले असते तर बारा सोडा, पंधरा झाले असते."

"हे लेखी द्याल?"

दिलं. माझ्या सेवापुस्तकात पहिला शेरा सव्वीस वर्षांनी पडला आणि त्याचं मला काही वाटलं नाही. मला वाटलं, आता होईल. खरं सांगितलं की होतं, असं आपण मुलांना शिकवतो ना!

निर्णय येईपर्यंत तास बंद ठेवायला सांगितलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं. उद्दिष्ट बाराचं, झाले अकरा, सबब पदाला मुदतवाढ नाही. मात्र उपक्रम उपयुक्त असल्याने तो चालू ठेवावा आणि शाळेतील कायम शिक्षिकेकडे द्यावा. खाली नाव माझं.

मी ते पत्र वाचलं आणि माझा पारा चढला. हा कुठला न्याय! चूक करणारीला खुर्ची आणि पकडणारीला रस्ता! "मी घेणार नाही. मेले तरी नाही. सरळ लिहून कळवते त्यांना," मी ओरडले.

आणि तेव्हा तक्तेबाई चिडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. चेहरा लाल झाला, आवाज चढला. "तुम्ही नाही घेतलं तर कोण घेणार? कोणीच नाही! तास बंद. सात मुलं अजून अडकलीत, त्यांतली चार तुमच्या गटातली. तीन आठवडे हात लावलेला नाही, आहे तेही विसरली असतील. तुम्हाला वाईट वाटतंय, मलाही वाटतंय. घरी जाऊन नणंदेला काय सांगू ते मला सुचत नाहीये! पण माझे चार दिवस राहिलेत आणि तुम्हाला अजून प्रश्न विचारता येत नाही. बसा खाली."

मी बसले.

चार दिवस त्यांनी सातही मुलांची पुन्हा तोंडी घेतली, मला शेजारी बसवून. कोण किती घसरलं, तक्त्यावर नवा ठिपका कुठून सुरू करायचा, कुणाचा गट बदलायचा, सगळं. शेवटच्या दिवशी म्हणाल्या, आता तुम्ही घ्या, मी नुसती ऐकते. त्यांची बस साडेचारची होती आणि घड्याळात चार वाजून गेले होते. माझ्यासमोर टिटवी आली.

"सहाशे दोन वजा दोनशे सत्तेचाळीस," मी म्हटलं.

टिटवी गप्प. ती गप्प बसली की खोलीत काहीतरी बंद पडल्यासारखं वाटायचं. तिने कागदावर सहाचा पाच केला. थांबली. शून्यावर पेन्सिल धरली. थांबली. माझ्या ओठांवर आलं होतं, अगं नऊ, नऊ उरतात ना! मी श्वास घेतला तेवढ्यात टेबलाखाली तक्तेबाईंनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. त्यांचा हात गार पडला होता. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. त्यांची बस चुकणार होती, पण त्यांनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही.

मी पुन्हा चुळबुळले. टिटवीने मान वर केली आणि चक्क दटावलं, "बाई, तुम्ही मध्ये बोलू नका हं. माझं चाललंय."

मग शून्याचे तिने दहा केले, दहाचे नऊ केले, आणि खाली लिहिलं तीनशे पंचावन्न.

"कसं केलंस?" मी विचारलं. तिने सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही जुडी न विसरता.

तक्तेबाईंनी माझं मनगट सोडलं, पिशवी उचलली, टिटवीच्या पाठीवर एक थाप दिली आणि निघाल्या. मला उठून त्यांच्यामागे जायचं होतं, जिन्यापर्यंत तरी. दारातून त्यांनीच मानेने खूण केली, बसा. टिटवी पेन्सिल सरसावून माझ्याकडे बघत होती. मी डोळे पुसले आणि तिला पुढचं गणित घातलं.